महिना २८ दिवसांचा असो वा ३१ दिवसांचा, ओव्हरटाइमचा तास किती रुपयांचा?

प्रश्न : कुंडई औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या कारखान्यात मी पगारपत्रक करतो. पाळी सकाळी ८ ते दुपारी ४.३०, मध्ये अर्धा तास जेवणाची सुटी, रविवार बंद. एका मशीन ऑपरेटरला मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून महिना २३,४०० रुपये आहेत, दुसरा कुठलाही भत्ता नाही. आमच्याकडे पगाराला त्या महिन्याच्या दिवसांनी भागतात, मग ८ ने भागतात आणि दुप्पट करून ओव्हरटाइम देतात. फेब्रुवारी २०२६ मध्ये साडेअठरा तासांचे त्याला ३,८६५ रुपये १८ पैसे मिळाले, मार्चमध्ये तेवढ्याच तासांचे ३,४९१ रुपये १३ पैसे. दोन्ही पगारचिठ्ठ्या घेऊन तो माझ्यापुढे उभा आहे. मालक म्हणतात, पगार ३१ दिवसांचा देतो तर ३१ ने भागायला नको का? शेजारच्या कारखान्यात २६ ने भागतात असं ऐकलं. नेमकं काय करू?
— पगार कारकून, फोंडा

उत्तर : २६ ने भागा, मग ८ ने, मग दुप्पट करा. तासाचा साधा दर ११२ रुपये ५० पैसे येतो, ओव्हरटाइमचा २२५ रुपये, आणि तो बाराही महिने तोच राहतो. साडेअठरा तासांचे ४,१६२ रुपये ५० पैसे होतात. म्हणजे तुमच्या ऑपरेटरला फक्त मार्चमध्ये नव्हे, फेब्रुवारीतही कमी मिळाले आहेत. मार्चमध्ये कमतरता जास्त असल्यामुळे ती डोळ्यांत भरली, एवढंच.

मालकांना नुसतं ‘२६ ने भागतात’ सांगून पटणार नाही, कारण त्यांचा मुद्दा वरवर पाहता बिनतोड आहे. पगार महिन्याचा आहे, महिन्यात ३१ दिवस आहेत, रविवारचे पैसे कापले जात नाहीत; मग दिवसाचा पगार म्हणजे एकतिसावा भाग. इथपर्यंत ठीक. गडबड पुढच्या पायरीवर होते. त्या एकतिसाव्या भागाला तुम्ही ८ ने भागता, तेव्हा महिन्यातल्या एकतीसही दिवशी, रविवार धरून, माणूस ८ तास काम करतो असं गृहीत धरता. ३१ गुणिले ८ म्हणजे २४८ तास. मार्च २०२६ मध्ये रविवार पाच होते, कामाचे दिवस २६ होते, आणि तुमच्या पाळीप्रमाणे ठरलेले तास २०८. जे ४० तास त्याने करायचेच नव्हते, तेही भाजकात घुसले, आणि प्रत्येक तास तेवढा स्वस्त झाला.

भागाकार करताना वर आणि खाली एकाच गोष्टीचं मोजमाप हवं. वर महिन्याचा पगार असेल तर खाली त्या पगारात ठरलेले कामाचे तास हवेत. दिवसांत विचार करायचा असेल तर कॅलेंडरचे दिवस आणि कॅलेंडरचे दिवस अशी जोडी लावता येते, पण मग ‘दिवसाला ८ तास’ ही पायरी तिथे बसत नाही; कॅलेंडरच्या सरासरी दिवशी तुमचा कामगार ८ नव्हे, ४८ भागिले ७ म्हणजे सुमारे ६.८६ तास काम करतो. ३१ ने भागून पुढे ८ ने भागणं म्हणजे दोन वेगळ्या मापांचं मिश्रण. यात नुकसान नेहमी एकाच बाजूचं होतं, कारण २८ पासून ३१ पर्यंतचा कुठलाही आकडा कामाच्या दिवसांहून मोठाच असतो.

किती नुकसान, ते ‘दुप्पट’ या शब्दाशी ताडून बघा. खरा तास ११२.५० रुपयांचा. ३१ दिवसांच्या महिन्यात तुम्ही ओव्हरटाइमला १८८.७१ देता, म्हणजे दुप्पट नाही, १.६८ पट. ३० दिवसांच्या महिन्यात १९५ रुपये, १.७३ पट. २८ दिवसांच्या फेब्रुवारीत २०८.९३, तरी १.८६ पटच. पगारचिठ्ठीवर ‘दुप्पट दर’ छापलेलं असतं आणि हातात पावणेदोन पटीच्या आसपास पडतं. कारखाना अधिनियम, १९४८ च्या कलम ५९ मध्ये दर दुप्पट सांगितला होता, आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेतही दुप्पटीहून कमी नको असंच आहे. त्यामुळे हा हिशेबाच्या आवडीनिवडीचा प्रश्न राहत नाही.

२६ येतो कुठून

कलम ५९ मध्ये मासिक पगाराला किती ने भागायचं ते लिहिलेलं नव्हतं, म्हणून तर कारखान्याकारखान्यांत ३०, ३१ आणि २६ असे तीन पंथ दिसतात. पण २६ हा आकडा कुणी हवेतून काढलेला नाही. आठवड्याचे ४८ तास, वर्षाचे ५२ आठवडे, मिळून २,४९६ तास. त्याला १२ ने भागलं की महिन्याचे २०८. आणि २६ गुणिले ८ म्हणजेही २०८. म्हणजे २६ हा वर्षभराच्या कामाच्या तासांची महिन्यावर काढलेली सरासरी आहे. ३६५ दिवसांतून ५२ रविवार वजा करून १२ ने भागलं तर २६.०८ येतात, तो ०.०८ चा फरक कुणी मोजत नाही आणि मोजला तरी कामगाराच्या बाजूने पैशांत जातो.

कायद्याच्या जगातही हाच आकडा आधीपासून रुळलेला आहे. ग्रॅच्युइटीसाठी मासिक पगारावरून दिवसाचा पगार काढताना २६ ने भागणं सर्वोच्च न्यायालयाने १९८० साली दिग्विजय वूलन मिल्सच्या प्रकरणात योग्य ठरवलं, आणि पुढे ग्रॅच्युइटी कायद्याच्या मजकुरातच २६ घातला गेला. वेतन संहितेच्या केंद्रीय नियमांचा जो मसुदा २०२० साली निघाला, त्यातही किमान वेतनाचा दिवसाचा दर ८ ने भागून तासाचा आणि २६ ने गुणून महिन्याचा काढायला सांगितलं होतं. मालकांना दाखवायला एवढं पुरे. दिवसाच्या दराला २६ ने गुणून महिना होत असेल, तर महिन्यावरून दिवसाला येताना ३१ चा रस्ता कसा निघेल?

प्रत्यक्ष कामाचे दिवस मोजले तर?

आता तुमच्या मनात येईल, मार्चमध्ये कामाचे दिवस २६ होते हे ठीक, पण फेब्रुवारीत २४ होते. मग फेब्रुवारीत २४ ने भागावं, नाही का? तत्त्व म्हणून यात चूक नाही. काही कंपन्या असं करतातही. पण निघणारे दर बघा. २४ दिवसांच्या फेब्रुवारीत ओव्हरटाइमचा तास २४३.७५ रुपये. २५ दिवसांच्या महिन्यात २३४. २६ ला २२५. आणि जुलै २०२६ मध्ये चारच रविवार, कामाचे दिवस २७, तर दर २१६.६७. म्हणजे तुमची मूळ तक्रार, ‘काम तेच, तास तेच, पैसे वेगळे’, ती जशीच्या तशी राहिली. फक्त कारण बदललं. त्यात २७ दिवसांच्या महिन्यात दर सरासरीच्या खाली जातो, आणि ‘या महिन्यात दुप्पट झाली नाही’ हा वाद पुन्हा उभा राहतो.

खरी डोकेदुखी सणांच्या सुट्यांची. डिसेंबर २०२६ घ्या. रविवार सोडून २७ दिवस. समजा ३ तारखेचं गोंयच्या सायबाचं फेस्त, १९ तारखेचा मुक्तिदिन आणि २५ चा नाताळ या तिन्ही भरपगारी सुट्या तुमच्याकडे आहेत. त्या वजा करून २४ ने भागायचं, की न करता २७ ने? एका उत्तरात २४३.७५, दुसऱ्यात २१६.६७. चवथीच्या महिन्यातही हेच. दर वर्षी, दर महिन्याला हा वाद घालण्यापेक्षा वर्षाची सरासरी घेऊन मोकळं व्हावं, हे माझं स्पष्ट मत. २६ धरला की भरपगारी सुट्यांना भाजकात हात लावायचा नाही. त्या दिवसाचा पगार मासिक पगारात आहेच, आणि त्या आठ तासांची गणना २०८ मध्ये झालेली आहे.

८ च्या जागी ९ किंवा साडेआठ घालू नका

भाजकाचा दुसरा अर्धा भाग म्हणजे दिवसाचे तास. इथे दोन चुका वारंवार दिसतात. पहिली, कारखाना अधिनियमात दिवसाला ९ तासांची मर्यादा होती म्हणून २६ गुणिले ९, म्हणजे २३४ ने भागणं. तुमच्या ऑपरेटरचा तास मग बरोबर १०० रुपयांचा होतो आणि आकडा इतका गोल येतो की कुणाला शंकाही येत नाही. पण ९ ही एका दिवसाची कमाल मर्यादा होती. सहा दिवस ९ तास केले तर आठवडा ५४ तासांचा होतो, आणि आठवड्याची मर्यादा ४८ आहे. पगार ४८ तासांचा, मग भाजकही ४८ वरूनच निघणार.

दुसरी चूक, ८ ते ४.३० म्हणजे साडेआठ तास धरणं. जेवणाचा अर्धा तास कामाचा नाही. तो ओव्हरटाइम मोजताना तुम्ही धरत नाही, तर दर काढतानाही धरता येणार नाही.

ऑफिसातल्या लोकांचं मात्र वेगळं निघू शकतं. तुमच्या कार्यालयात शनिवारी अर्धा दिवस असेल आणि नेमणूकपत्रात आठवडा ४४ तासांचा असेल, तर तिथे २०८ चालणार नाही. ४४ गुणिले ५२ भागिले १२ म्हणजे १९०.६७ तास, आणि २३,४०० च्या पगारावर साधा तास १२२ रुपये ७३ पैसे. ४४ ते ४८ मधले चार तास कायद्याच्या ४८ च्या आत असतात, म्हणून त्यांना एकपट द्यायचं की दुप्पट हे नेमणूकपत्रात किंवा करारात जसं असेल तसं. पण तासाची किंमत काढताना त्या माणसाचा खरा आठवडा धरावा लागतो. एकाच पगारपत्रकात दोन्ही प्रकारची माणसं असतात, म्हणून साप्ताहिक तासांचा वेगळा रकाना ठेवा.

‘एक पट तर पगारात आलीच’

हे वाक्य मालकांकडून पुढच्या बैठकीत येणार, म्हणून आधीच तयार राहा. युक्तिवाद असा असतो की महिन्याचा पगार सगळ्या महिन्याचा आहे, त्यात त्या दिवसाचे पैसे आहेत, तेव्हा ओव्हरटाइमच्या तासाला वरून फक्त आणखी एक पट दिली की दुप्पट झाली. रविवारी कामावर बोलावलं की हा युक्तिवाद हमखास होतो, कारण रविवार ‘भरपगारी’ आहे असं सगळे म्हणतात.

मासिक पगारात काय विकत घेतलंय? आठवड्याला ४८ तास. संध्याकाळी साडेचारनंतरचा तास त्या ४८ मध्ये नाही, त्यामुळे त्याची एक पटही अजून दिलेली नाही. दोन्ही पटी वेगळ्या द्यायच्या. सोमवार ते शनिवार ४८ तास भरून रविवारी ८ तास काम केलं, तर ते आठही तास ४८ च्या पलीकडचे. २२५ गुणिले ८, म्हणजे १,८०० रुपये, मासिक पगाराखेरीज. साप्ताहिक सुटी बुडाल्याची बदली सुटी देणं हे त्याशिवाय वेगळं कर्तव्य आहे, ती दिली म्हणून ओव्हरटाइम संपत नाही. हां, त्याच आठवड्यात बदली सुटी देऊन एकूण तास ४८ च्या आत ठेवले, तर मात्र आठवड्याच्या हिशेबाने ओव्हरटाइम उरत नाही.

गैरहजेरीला २६ लावू नका

२६ चा नियम एकदा बसला की पगार कारकून तो सगळीकडे लावतात, आणि इथे उलटा अन्याय होतो. बिनपगारी रजेची कपात २६ ने केली तर काय होतं ते जुलै २०२६ मध्ये बघा. कामाचे दिवस २७. एखादा कामगार गावी गेला आणि २६ दिवस आलाच नाही, एकच दिवस कामावर होता. दिवसाला ९०० प्रमाणे कपात २३,४०० रुपये. एक दिवस राबून पगार शून्य. हे कुणालाही चुकीचं वाटेल, आणि कायद्यातही तत्त्व असंच आहे की गैरहजेरीची कपात, कामावर असायला हव्या असलेल्या काळाच्या प्रमाणाबाहेर जाता कामा नये. २७ पैकी एक दिवस चुकला तर कपात सत्ताविसाव्या भागाहून मोठी नको. सव्विसावा भाग मोठा आहे.

म्हणून कपातीसाठी तुमची जुनी पद्धत, महिन्याच्या दिवसांनी भागण्याची, तशीच चालू ठेवा. जुलैमध्ये एका दिवसाची कपात २३,४०० भागिले ३१, म्हणजे ७५४ रुपये ८४ पैसे. मालक म्हणतील, कापताना ३१ आणि देताना २६, हा कुठला न्याय? उत्तर असं की दोन्ही ठिकाणी माप वेगळं आहे. कपात होते कॅलेंडरमधल्या दिवसाची, रविवारचा वाटाही त्या ३१ मध्ये पसरलेला आहे. ओव्हरटाइम दिला जातो प्रत्यक्ष कामाच्या तासाचा. पगारपत्रकात ‘दिवसाचा दर’ असा एकच रकाना असेल आणि दोन्ही हिशेब त्याच्यावरून निघत असतील, तर तुमच्याकडची चूक बहुतेक तिथूनच सुरू झाली आहे. तो रकाना फोडा: एक ‘कपातीचा दिवस’, दुसरा ‘ओव्हरटाइमचा तास’.

पगारातला कोणता आकडा वर घ्यायचा

तुमच्या ऑपरेटरला मूळ वेतन आणि महागाई भत्ता एवढंच आहे म्हणून २३,४०० पूर्ण धरले. भत्ते अनेक असतील तर जपून. कारखाना अधिनियमाच्या व्याख्येत मूळ वेतनाबरोबर कामगाराला मिळणारे भत्ते येत, बोनस आणि खुद्द ओव्हरटाइम येत नसे. वेतन संहितेत वेतन म्हणजे मूळ, महागाई भत्ता आणि प्रतिधारण भत्ता. घरभाडं, प्रवास असे भत्ते बाहेर, पण बाहेर ठेवलेल्या रकमा एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाल्या तर वरचा भाग वेतनात परत येतो. एकूण ३०,००० मध्ये मूळ आणि महागाई १३,००० आणि असे भत्ते १७,००० असतील, तर निम्मे १५,०००. वरचे २,००० मिळवून वेतन १५,००० धरायचं. कंपनी आतापर्यंत सगळे भत्ते धरून ओव्हरटाइम देत आली असेल तर नव्या व्याख्येचं निमित्त करून तो कमी करायला जाऊ नका. असं करण्याआधी पाटोवरच्या कामगार आयुक्त कार्यालयात लेखी विचारलेलं बरं.

एक्सेलमध्ये

समजा B2 मध्ये वेतन, C2 मध्ये ओव्हरटाइमचे तास आणि D2 मध्ये आठवड्याचे ठरलेले तास आहेत. सूत्र असं:

```
=ROUND(B2*12/(52*D2)*2*C2, 2)
```

महिन्याचे दिवस यात कुठेच येत नाहीत, ते मुद्दामच. D2 मध्ये ४८ घाला, C2 मध्ये 18.5, उत्तर ४१६२.५० यायला हवं.

ते १७३.४४ आलं तर घाबरू नका. C2 मध्ये तुम्ही 18:30 असं वेळेच्या रूपात टाकलंय. एक्सेल वेळ दिवसाच्या अपूर्णांकात साठवतं, म्हणून साडेअठरा तास त्याच्या दृष्टीने ०.७७ दिवस. सूत्रात C2 च्या जागी C2*24 लिहा. आणि ते ४११७.५० आलं तर कुणीतरी साडेअठरा तासांना 18.30 असं टाइप केलंय. ही चूक जास्त वाईट, कारण उत्तर खऱ्याच्या जवळ असतं आणि सहज निसटतं. मस्टरवर तास आणि मिनिटं लिहिलेली असतात, तिथून उतरवताना मिनिटांना ६० ने भागायचं: १५ मिनिटं ०.२५, २० मिनिटं ०.३३, ४५ मिनिटं ०.७५.

पैशांचं पूर्णांकन शेवटीच करा, मधल्या पायरीवर नको. १९,७५० रुपये वेतन असलेल्याचा तास ९४.९५१९... येतो. कुणी तो ‘९४ रुपये’ करून ठेवला तर २२ तासांच्या ओव्हरटाइमला ४,१३६ होतात. खरे होतात ४,१७७ रुपये ८८ पैसे. जवळजवळ ४२ रुपये वाटेत गळाले, एका माणसाचे, एका महिन्याचे.

पगारवाढीच्या महिन्यात आणखी एक गोष्ट बघा. तुमचा ओव्हरटाइम २१ तारखेपासून पुढच्या २० तारखेपर्यंत मोजला जात असेल आणि पगार १ तारखेपासून वाढला असेल, तर त्या एका चिठ्ठीत दोन दर लागतील. २१ ते महिनाअखेर केलेल्या तासांना जुना, १ ते २० मधल्या तासांना नवा. तास ज्या दिवशी केला त्या दिवशीचा दर. त्या महिन्यापुरत्या दोन ओळी करा, सरासरी काढू नका.

मागची थकबाकी

ऑपरेटरला फक्त मार्चचा फरक देऊन प्रकरण मिटणार नाही, कारण त्याच्याकडे फेब्रुवारीची चिठ्ठीही आहे. हिशेब सोपा आहे: प्रत्येक महिन्याचे तास गुणिले (२२५ वजा त्या महिन्यात दिलेला दर). मार्चला साडेअठरा तासांवर ६७१ रुपये ३७ पैसे, फेब्रुवारीला २९७ रुपये ३२ पैसे. जानेवारीत समजा १२ तास असतील तर ४३५ रुपये ४८ पैसे. तिन्ही मिळून १,४०४ रुपये १७ पैसे. दर ज्या वर्षी वेगळा होता त्या वर्षी अर्थातच २२५ च्या जागी तेव्हाच्या पगारावरून काढलेला दर. वेतन संहितेत दाव्यासाठी तीन वर्षांची मुदत आहे, तेव्हा मागे जाताना तेवढ्या काळाची मस्टर काढून ठेवा, फक्त तक्रार करणाऱ्याची नव्हे, सगळ्या कामगारांची. सूत्र एकच असल्यामुळे चूकही सगळ्यांच्या चिठ्ठीत तीच असणार.

थकबाकी देताना ओव्हरटाइमवर भविष्य निर्वाह निधी कापायचा नाही. जे कामगार कर्मचारी राज्य विमा योजनेत आहेत त्यांच्या बाबतीत मात्र जुन्या कायद्याखाली ओव्हरटाइमची रक्कम वर्गणीसाठी धरली जायची, जरी पात्रतेची २१,००० ची मर्यादा बघताना ती धरत नसत.

आणि पुढच्या महिन्यापासून पगारचिठ्ठीवर ‘ओव्हरटाइम ४,१६२.५०’ एवढंच न छापता वेतन, २०८, दुप्पट दर आणि तास हे चारही आकडे एका ओळीत छापा: २३,४०० ÷ २०८ × २ × १८.५. कामगाराला मोबाइलवर ताळा करता येईल आणि तुमच्या टेबलासमोरची रांग कमी होईल.